विश्लेषण : व्हिटॅमिन डीच्या बाटलीवरचे ४०० आणि १० एकच कसे? आययू, मायक्रोग्रॅम आणि चुकणारा डोस

एका बाटलीवर ४०० आययू लिहिलेले असते, दुसऱ्या बाटलीवर १० मायक्रोग्रॅम. दोन्हींत ‘ड’ जीवनसत्त्व तेवढेच असते. तिसऱ्या बाटलीवरही १० मायक्रोग्रॅमच छापलेले असते, पण ते एका मिलिलिटरमधले नसून एका थेंबातले असते. परदेशातून आलेली औषधे, ऑनलाइन मागवलेले सप्लिमेंट आणि गावातल्या मेडिकलमधून आणलेली बाटली एकाच कपाटात असली की हा फरक लक्षात येत नाही आणि डोस चुकतो. ही चूक नेमकी कशी होते, आययूचे मायक्रोग्रॅम कसे करायचे आणि ‘ई’ जीवनसत्त्वाला तोच हिशेब का लागू होत नाही, याविषयी...

चूक नेमकी कुठे होते?

एक उदाहरण घेऊ. कारंजा लाड येथे माहेरी बाळंतपणासाठी आलेल्या एका मुलीच्या बाळाला डॉक्टरांनी रोज ४०० आययू ‘ड’ जीवनसत्त्व लिहून दिले आहे. गावातल्या मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर ‘प्रति मिली ४०० आययू’ असे छापलेले आहे. सोबत १ मिलीची खूण असलेला ड्रॉपर आहे. रोज सकाळी आजी खुणेपर्यंत ड्रॉपर भरते आणि बाळाला देते. इथपर्यंत सारे बरोबर आहे.

दोन महिन्यांनी बाळाची आत्या न्यू जर्सीहून येते आणि तिकडची बाटली घेऊन येते. बाटली अगदी लहान, अडीच मिलीची. त्यावर १० मायक्रोग्रॅम आणि कंसात ४०० आययू छापलेले आहे. आकडा ओळखीचा असल्याने ‘हे तेच औषध आहे’ असे घरात ठरते. बाटलीला ड्रॉपर नाही, म्हणून जुनाच ड्रॉपर धुऊन वापरला जातो आणि बाळाला रोजच्यासारखे १ मिली दिले जाते.

या बाटलीवर त्याच ओळीत बारीक अक्षरांत ‘प्रति थेंब’ असे लिहिलेले असते. अमेरिका आणि कॅनडात बाळांसाठी मिळणाऱ्या अशा बाटल्यांत अडीच मिलीत ९० थेंब असतात, म्हणजे १ मिलीत ३६ थेंब. प्रत्येक थेंबात ४०० आययू, म्हणजे १ मिलीत १४,४०० आययू. बाळाला मिळायला हवे होते १० मायक्रोग्रॅम, मिळाले ३६० मायक्रोग्रॅम. डोस ३६ पट झाला आणि तरीही घरातल्या कुणी लेबलवरचा आकडा चुकीचा वाचलेला नव्हता. आकडा बरोबर वाचला, एककही बरोबर वाचले, फक्त तो आकडा कशामागे आहे तेवढे वाचायचे राहिले.

अशी चूक ओळखण्याची सोपी खूण बाटलीतच असते. रोज एक थेंब दिला तर ९० थेंबांची बाटली तीन महिने पुरते. रोज १ मिली दिले तर ती तिसऱ्याच दिवशी संपते. बाटली अपेक्षेपेक्षा फार लवकर रिकामी झाली, तर दुसरी आणण्याआधी लेबल पुन्हा वाचणे आवश्यक ठरते. एकच थेंब असलेल्या बाटल्या मोठ्या आकारातही मिळतात. त्या दहा दिवस पुरल्या, तर बाळाच्या शरीरात तोवर लाखाहून अधिक आययू गेलेले असतात.

केवळ परदेशी बाटल्यांमुळेच हे होते का?

नाही. भारतीय बाजारातही ‘ड’ जीवनसत्त्वाची द्रवरूप औषधे वेगवेगळ्या तीव्रतेची आहेत. बाळांसाठीचे थेंब प्रति मिली ४०० आययू आणि प्रति मिली ८०० आययू अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. बाटली बदलली आणि ड्रॉपरची खूण तीच ठेवली, तर डोस दुप्पट होतो. हा फरक सहसा धोकादायक नसतो.

खरा धोका आहे तो मोठ्यांसाठीच्या छोट्या बाटल्यांचा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ५ मिलीच्या बाटलीत ६०,००० आययू असतात. म्हणजे १ मिलीत १२,००० आययू, अर्थात ३०० मायक्रोग्रॅम. आजीच्या गुडघेदुखीसाठी आणलेली ही बाटली आणि नातवाचे थेंब एकाच फळीवर असतील आणि दोन्हींवर ‘डी-३’ ठळक अक्षरांत लिहिलेले असेल, तर गडबड व्हायला वेळ लागत नाही. बाळाला त्यातले १ मिली गेले तर महिन्याभराचा डोस एका दिवसात जातो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जून २०१० मध्ये नेमक्या याच कारणासाठी इशारा दिला होता. बाळांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या काही औषधांसोबत दिलेल्या ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा बरेच जास्त औषध मावत होते. पालकांनी ड्रॉपर पूर्ण भरला तर डोस वाढत होता. त्यामुळे ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा जास्त औषध मावू नये, तसेच एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला वापरू नये, अशी सूचना करण्यात आली.

आययू म्हणजे काय? ते आले कुठून?

आययू म्हणजे ‘इंटरनॅशनल युनिट’, आंतरराष्ट्रीय एकक. ते वजन मोजत नाही, परिणाम मोजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जीवनसत्त्वे शुद्ध स्वरूपात हाती आलेली नव्हती. माशाच्या यकृताच्या तेलात नेमके किती ‘ड’ जीवनसत्त्व आहे हे तराजूवर मोजता येत नव्हते. त्यामुळे मुडदूस झालेल्या उंदरांना ते तेल द्यायचे, हाडांत किती सुधारणा झाली ते पाहायचे आणि ती एका ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहायची, अशी पद्धत होती. सगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी एकच नमुना वापरावा यासाठी राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९३१ मध्ये लंडनमध्ये परिषद घेतली आणि जीवनसत्त्वांची आंतरराष्ट्रीय एकके ठरली.

पुढे शुद्ध, स्फटिकरूप ‘डी-३’ मिळू लागले. तेव्हा १ आययू म्हणजे ०.०२५ मायक्रोग्रॅम असे नाते पक्के झाले. ०.०२५ म्हणजे एकाचा चाळिसावा भाग, म्हणून १ मायक्रोग्रॅममध्ये ४० आययू. आज ‘ड’ जीवनसत्त्व थेट वजनाने मोजता येते. त्यामुळे उंदरांच्या काळातले एकक ठेवण्याचे शास्त्रीय कारण उरलेले नाही. तरीही डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलमधली बोली आणि रुग्णांची सवय यांमुळे आययू टिकून आहे. ‘साठ हजारची गोळी’ म्हटले की सगळ्यांना कळते. ‘दीड हजार मायक्रोग्रॅमची गोळी’ कुणीच म्हणत नाही.

अमेरिकेने मे २०१६ मध्ये लेबलचे नियम बदलले. ‘ड’ जीवनसत्त्व मायक्रोग्रॅममध्ये आणि ‘ई’ जीवनसत्त्व मिलिग्रॅममध्ये लिहिणे बंधनकारक झाले. ‘ड’साठी आययूचा आकडा कंसात देण्याची मुभा राहिली. मोठ्या कंपन्यांना १ जानेवारी २०२० पासून आणि छोट्यांना त्यानंतर वर्षभराने हे लागू झाले. युरोपात खाद्यपदार्थांच्या लेबलवर मायक्रोग्रॅमच असतात. भारतात मात्र ‘ड’ जीवनसत्त्वाच्या औषधांवर प्रामुख्याने आययू दिसतात, तर सप्लिमेंट आणि पोषणयुक्त खाद्यपदार्थांवर कधी हे, कधी ते.

‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब कसा करायचा?

नियम एकच आहे. आययूला ४० ने भागले की मायक्रोग्रॅम मिळतात. मायक्रोग्रॅमला ४० ने गुणले की आययू मिळतात. नेहमी दिसणारे आकडे असे :

- ४०० आययू म्हणजे १० मायक्रोग्रॅम (बाळाचा रोजचा डोस)
- ६०० आययू म्हणजे १५ मायक्रोग्रॅम (प्रौढांची रोजची गरज, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार)
- १,००० आययू म्हणजे २५ मायक्रोग्रॅम
- २,००० आययू म्हणजे ५० मायक्रोग्रॅम
- ४,००० आययू म्हणजे १०० मायक्रोग्रॅम (वैद्यकीय देखरेखीशिवाय प्रौढांनी रोज ओलांडू नये अशी वरची मर्यादा)
- ६०,००० आययू म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, अर्थात दीड मिलिग्रॅम (आठवड्याची गोळी)

या यादीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १,००० हा आकडा आययूमध्ये अगदी साधा आहे. तोच मायक्रोग्रॅममध्ये वाचला तर ४०,००० आययू होतात. म्हणजे ‘रोज एक हजार’ असे तोंडी सांगितले आणि ऐकणाऱ्याने बाटलीवरच्या मायक्रोग्रॅमचा हिशेब लावून हजार पूर्ण केले, तर डोस ४० पट होईल. म्हणून चिठ्ठीवर किंवा फोनवर नुसता आकडा सांगणे पुरेसे नसते, त्यामागे एकक यायलाच हवे.

६०,००० च्या गोळीची आणखी एक चूक भारतात नेहमी होते. ती एककाची नसून दिवसांची आहे. डॉक्टरांनी आठ आठवडे, दर आठवड्याला एक गोळी सांगितली, तर एकूण आठ गोळ्या, म्हणजे ४ लाख ८० हजार आययू होतात. तीच गोळी रोज घेतली गेली तर आठ आठवड्यांत ५६ गोळ्या, म्हणजे ३३ लाख ६० हजार आययू. मायक्रोग्रॅममध्ये १२,००० च्या जागी ८४,०००.

टक्केवारी पाहून चालेल का?

लेबलवर आकड्यापुढे टक्के असतात. एकक कळले नाही तर टक्के बघावेत, असे अनेकांना वाटते. पण टक्के कशाचे, हे देशागणिक बदलते.

२५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे १,००० आययूची एक गोळी घेऊ. अमेरिकी लेबलवर रोजचे प्रमाण २० मायक्रोग्रॅम धरतात, म्हणून तिथे १२५ टक्के छापले जाईल. युरोपात ५ मायक्रोग्रॅम धरतात, तिथे त्याच गोळीवर ५०० टक्के येईल. भारतातील १५ मायक्रोग्रॅमच्या शिफारशीप्रमाणे ते साधारण १६७ टक्के होतील. गोळी एकच, टक्के तीन. ५०० टक्के पाहून घाबरण्याचे कारण नाही आणि १२५ टक्के पाहून ‘ही सौम्य आहे, दोन घेऊ’ असे म्हणण्याचेही नाही.

जुन्या आणि नव्या अमेरिकी बाटल्यांतही हा घोळ आहे. नियम बदलण्यापूर्वी तिथे १०० टक्के म्हणजे ४०० आययू होते. नव्या नियमात १०० टक्के म्हणजे २० मायक्रोग्रॅम, अर्थात ८०० आययू. आकडा लहान झाला आणि प्रमाण दुप्पट झाले. त्यामुळे टक्के बाजूला ठेवून प्रत्यक्ष आकडा आणि एकक वाचणे हेच खात्रीचे ठरते.

मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत गफलत झाली तर?

एका मिलिग्रॅममध्ये एक हजार मायक्रोग्रॅम असतात. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक ‘म्यू’ अक्षर आणि त्यापुढे ‘जी’ असे चिन्ह वापरतात. घाईत लिहिलेले ‘म्यू’ हे ‘एम’सारखे दिसते आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. म्हणूनच औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था हे चिन्ह टाळून ‘एमसीजी’ लिहावे असे सांगतात. आययूचीही हीच गत आहे. हाताने लिहिलेले ‘आययू’ हे शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचे ‘आयव्ही’ किंवा १० हा आकडा समजले जाऊ शकते, म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांना ते पूर्ण शब्दांत लिहिण्याची सूचना आहे.

ही गफलत किती सहज होते याचे ठळक उदाहरण जुलै २०२२ मधले आहे. सल्ल्यावरून वीसहून अधिक सप्लिमेंट घेणाऱ्या ब्रिटनमधील एका मध्यमवयीन गृहस्थाला ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले. ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ने ही घटना प्रसिद्ध केली आणि ती जगभरच्या माध्यमांत आली. धोका सांगणाऱ्या त्या बातमीसोबत जो आकडा फिरला तो होता, रोज ५०,००० मिलिग्रॅम, तर रोजची गरज ६०० मिलिग्रॅम किंवा ४०० आययू.

हा आकडा ४० च्या नियमाने तपासून पाहता येतो. ४०० आययू म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ६०० मिलिग्रॅम म्हणजे ६ लाख मायक्रोग्रॅम. या दोन गोष्टी ‘किंवा’ने जोडता येणारच नाहीत. शिवाय ५०,००० मिलिग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे रोज जवळपास एक वाटी शुद्ध जीवनसत्त्व, २०० कोटी आययू. असे कुणी घेऊ शकत नाही. आकडा ५०,००० आययूचा धरला तर तो सव्वा मिलिग्रॅम होतो आणि हिशेब जुळतो. यातून एक साधी ताळ्याची कसोटी मिळते : ‘ड’ जीवनसत्त्वाचा रोजचा डोस कुठेही मिलिग्रॅममध्ये दिसला, तर काहीतरी चुकले आहे असे आधी धरावे.

४० चा नियम कुठे चालत नाही?

हा नियम कोलेकॅल्सिफेरॉल (डी-३) आणि एर्गोकॅल्सिफेरॉल (डी-२) या दोन प्रकारांसाठीच आहे. कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या औषधांत कॅल्सिट्रिऑल असते. त्याच्या गोळीवर ०.२५ मायक्रोग्रॅम लिहिलेले असते. ४० ने गुणले तर ते फक्त १० आययू भरतात आणि ‘यात तर काहीच नाही’ असा समज होतो.

हा समज धोक्याचा आहे. डी-३ शरीरात गेल्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होते, तेव्हा ते कामाचे बनते. ही प्रक्रिया शरीर गरजेपुरतीच करते. कॅल्सिट्रिऑल हे मात्र तयार, कार्यरत संप्रेरक आहे. ते थेट आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. त्यामुळे ०.२५ मायक्रोग्रॅम हा त्याचा पूर्ण औषधी डोस आहे. आकडा लहान दिसतो म्हणून एकाच्या जागी चार गोळ्या घेतल्या तर रक्तातील कॅल्शियम काही दिवसांतच वाढू शकते. अल्फाकॅल्सिडॉल या औषधाबाबतही हेच लागू होते. म्हणून एकक बदलण्याआधी लेबलवरचे रासायनिक नाव वाचावे.

‘ई’ जीवनसत्त्वाला एकच गुणक का नाही?

‘ई’ जीवनसत्त्वाचे प्रमाण मोठे असते, म्हणून ते मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये लिहितात. पण खरी अडचण वेगळी आहे. ‘ड’साठी ४० हा एकच आकडा पुरतो. ‘ई’साठी तो जीवनसत्त्व नैसर्गिक आहे की कृत्रिम यावर ठरतो.

लेबलवर ‘डी-अल्फा टोकोफेरॉल’ असेल तर ते तेलबियांपासून काढलेले, नैसर्गिक. ‘डीएल-अल्फा’ असेल तर कारखान्यात तयार केलेले, कृत्रिम. फरक एका ‘एल’चा आहे. कृत्रिम प्रकारात एकाच रेणूची आठ वेगवेगळी रूपे मिसळलेली असतात. त्यांतली चारच शरीर रक्तात टिकवून ठेवते, उरलेली बाहेर टाकते. त्यामुळे अमेरिकी नियमात रूपांतर असे आहे :

- नैसर्गिक : १ आययू म्हणजे ०.६७ मिलिग्रॅम
- कृत्रिम : १ आययू म्हणजे ०.४५ मिलिग्रॅम

०.४५ हा विचित्र आकडा कसा आला, तेही समजण्यासारखे आहे. जुन्या व्याख्येत १ आययू म्हणजे १ मिलिग्रॅम कृत्रिम टोकोफेरिल अ‍ॅसिटेट. त्यातला अ‍ॅसिटेटचा भाग वजा केला की ०.९१ मिलिग्रॅम टोकोफेरॉल उरते. त्यातले निम्मेच शरीराच्या कामाचे, म्हणून ०.४५.

आता आपल्याकडचे चित्र पाहू. भारतात सर्वाधिक ओळखीची ‘ई’ची कॅप्सूल ‘४००’ची आहे. तिच्यात ४०० मिलिग्रॅम टोकोफेरिल अ‍ॅसिटेट असते. ते कृत्रिम असेल तर जुन्या व्याख्येप्रमाणे ४०० आययूच होतात. हेच कृत्रिम ४०० आययू अमेरिकेच्या नव्या लेबलवर १८० मिलिग्रॅम असे छापले जातात. नैसर्गिक असतील तर ४०० आययूचे २६८ मिलिग्रॅम होतात.

समजा, कारंजा लाडमधील एक आजोबा वर्षानुवर्षे ‘४००’ची कॅप्सूल घेतात आणि मुलाने अमेरिकेतून पाठवलेल्या बाटलीवर त्यांना १८० मिलिग्रॅम दिसते. ही निम्म्याहून कमी ताकदीची आहे असे समजून ते दोन घेऊ लागतात. प्रत्यक्षात एका कॅप्सूलमध्ये पूर्वीइतकेच औषध आहे आणि त्यांचा डोस दुप्पट झाला आहे. भारतीय लेबल अ‍ॅसिटेटचे पूर्ण वजन सांगते, अमेरिकी लेबल त्यातला शरीराच्या कामाचा भाग सांगते. दोन्ही आकडे मिलिग्रॅममध्येच असल्याने एकक पाहूनही हा फरक कळत नाही.

अमेरिकेत प्रौढांसाठी सप्लिमेंटमधील ‘ई’ची वरची मर्यादा रोज १,००० मिलिग्रॅम मानतात, युरोपात ३०० मिलिग्रॅम. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखे औषध घेणाऱ्यांना मात्र या मर्यादेच्या आतही काळजी घ्यावी लागते. ‘ई’चा मोठा डोस रक्त गोठण्याची क्रिया मंदावतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरड्यांतून रक्त येणे, नाकातून वारंवार रक्त येणे, किरकोळ धक्क्याने त्वचेवर काळेनिळे डाग पडणे ही त्याची चिन्हे असू शकतात.

डोस जास्त झाला हे कसे ओळखायचे?

‘ड’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते. जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही. एखाद्या वेळी जास्त थेंब गेले म्हणून लगेच विषबाधा होतेच असे नाही. धोका आहे तो चुकीचा डोस दिवसेंदिवस चालू राहण्याचा. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम वाढते आणि त्रास सुरू होतो.

बाळ दूध कमी पिते, किरकिर करते किंवा सुस्त राहते, उलट्या होतात, शौचाला कडक होते, लघवी वारंवार होते आणि तरीही शरीरातले पाणी कमी होते, वजन वाढत नाही. मोठ्यांत सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, अशक्तपणा आणि गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठते आणि त्याला कायमची इजा होऊ शकते. ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, त्यामुळे डॉक्टरांना बाटलीची माहिती दिली नाही तर कारण सापडायला उशीर लागतो. ‘ड’च्या अतिरेकाने कॅल्शियम वाढलेल्या सात रुग्णांची नोंद मुंबईतील एका शोधनिबंधात २००९ मध्ये झाली होती.

निदानासाठी आधी रक्तातील कॅल्शियमची साधी चाचणी करतात. त्यानंतर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ तपासतात. प्रति मिलिलिटर १५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त पातळी आणि वाढलेले कॅल्शियम एकत्र दिसले, तर विषबाधेचे निदान होते. काही प्रयोगशाळा हाच अहवाल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथे आकडा अडीच पट दिसतो. म्हणजे ५० नॅनोमोल हे २० नॅनोग्रॅमइतकेच. अहवाल वाचतानाही एकक बघावे लागते ते यासाठी.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे ‘ड’ आणि कॅल्शियम दोन्ही बंद करणे. त्यानंतर सलाइन आणि गरजेप्रमाणे इतर औषधे दिली जातात. साठलेले जीवनसत्त्व हळूहळू ओसरत असल्याने कॅल्शियम पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

लेबल कोणत्या क्रमाने वाचावे?

चार गोष्टी क्रमाने पाहिल्या तर वरच्या बहुतेक चुका टळतात.

पहिले, नाव. कोलेकॅल्सिफेरॉल की कॅल्सिट्रिऑल? डी-अल्फा की डीएल-अल्फा? दुसरे, आकडा आणि त्याला लागून असलेले एकक. तिसरे, तो आकडा कशामागे आहे : प्रति थेंब, प्रति मिली, प्रति ५ मिली की प्रति गोळी? काही सप्लिमेंटवर ‘एका वेळचे प्रमाण’ दोन गोळ्या धरलेले असते आणि आकडा दोन गोळ्यांचा असतो. चौथे, किती दिवसांनी : रोज की आठवड्याला?

बाळाच्या बाबतीत आणखी एक सवय उपयोगी पडते. नवी बाटली आली की पहिला डोस देण्याआधी तिच्यावरचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये बदलून, ‘१० मायक्रोग्रॅमसाठी किती थेंब किंवा किती मिली’ हे कागदावर लिहून बाटलीला चिकटवायचे. प्रति मिली ४०० आययूच्या बाटलीवर ‘१ मिली’ येईल, ८०० च्या बाटलीवर ‘अर्धा मिली’ आणि परदेशी बाटलीवर ‘१ थेंब’. जुन्या बाटलीचा ड्रॉपर जुन्या बाटलीबरोबरच टाकून द्यावा.

शिवाय एकाच माणसाला दोन-तीन ठिकाणांहून ‘ड’ मिळत असते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते असते, कॅल्शियमच्या गोळीत असते, ‘प्लस एफ’ चिन्ह असलेल्या दुधात आणि तेलातही असते. भारतीय नियमांप्रमाणे अशा एक लिटर दुधात ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० आययू असते. पेलाभर दुधातून मिळणारे एक-दीड मायक्रोग्रॅम हिशेबात धरले नाही तरी चालते. गोळ्यांची बेरीज मात्र करावी लागते आणि ती करण्याआधी सगळे आकडे एकाच एककात आणावे लागतात. मल्टिव्हिटॅमिनमधले १० मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्या गोळीतले २,००० आययू यांची बेरीज २,०१० होत नाही. ती ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे २,४०० आययू होते.

डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये जाताना औषधाचे फक्त नाव सांगण्याऐवजी बाटली, तिचे खोके आणि वापरात असलेला ड्रॉपर सोबत न्यावा. ड्रॉपर पाहिल्याशिवाय बाळाला रोज प्रत्यक्षात किती दिले जात होते, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.